‘हो, पीडीएफ बघितली…’ : एका ओळीवर चालू झालेलं छपाईचं मशीन

पुस्तक साधंच होतं. एकरंगी मजकूर, १६ पानांचे फर्मे, म्हणजे घडी घातल्यावर १६ पानं होणारे मोठे ताव, १,००० प्रती. पहिले दोन फर्मे छापून झाले होते. तिसऱ्या फर्म्याची, म्हणजे ३३ ते ४८ या पानांची, एक बाजू आदल्या संध्याकाळी छापून ताव वाळत ठेवले होते. सकाळी दुसरी बाजू लागायची होती. पानं मांडण्याच्या नेहमीच्या पद्धतीत त्या बाजूवर ३४, ३५, ३८, ३९, ४२, ४३, ४६ आणि ४७ ही पानं येतात. हे सगळं प्रकरण त्यातल्या ४७व्या पानाचं आहे.

या पुस्तकाचं मुद्रितशोधन माझ्याकडे होतं, त्यामुळे नंतर दोन्ही फोन माझ्यासमोर आले. एक संपादक मॅडमचा आणि एक मांडणी करणाऱ्या मुलाचा. तो त्या वेळी प्रेसवर होता, मॅडम ऑफिसात. प्रेसवरून त्याने मेसेज टाकला:

“मॅडम, प्रेसवर आलोय. मशीन रिकामं आहे. तिसऱ्याची दुसरी बाजू लावू का? पीडीएफ बघितलीत ना?”

मॅडमनी तीन-चार मिनिटांत उत्तर दिलं:

“हो, पीडीएफ बघितली. आतली मांडणी आता मस्त दिसतेय, समासही मागच्यापेक्षा मोकळे वाटतात. फक्त पान ४७ वरच्या तक्त्यात दोन रकान्यांची शीर्षकं एकमेकांच्या जागी गेली आहेत. तेवढी दुरुस्त होऊन नवी प्लेट येईपर्यंत तिसरा फर्मा लावू नकोस.”

उत्तरात काहीही चूक नाही. मोठ्या स्क्रीनवर वाचलं तर सुबोध, सौजन्याचं आणि नेमकं आहे. पण मुलाचा फोन मशीनशेजारच्या टेबलावर पडला होता, लॉक असलेला. हाताला शाई होती. स्क्रीन उजळली तेव्हा त्याला दिसलं ते एवढंच:

“हो, पीडीएफ बघितली. आतली मांडणी आता म…”

त्याने मशीनवाल्या काकांना सांगितलं, “काका, लावा.” प्लेट बसवून शाई-पाण्याचा मेळ जमेपर्यंत पाव तास गेला असेल. पुढे हजार ताव जायला फार वेळ लागत नाही. छापलेल्या तावाचा फोटो मॅडमना पाठवावा म्हणून त्याने हात पुसून ॲप उघडलं, तेव्हा उरलेली तीन वाक्यं त्याच्या समोर आली. त्या वेळेपर्यंत सगळे ताव छापून झाले होते.

शुद्धिपत्र घालता आलं असतं. पण तक्त्याकडे वाचक थेट जातो, शुद्धिपत्र कुणी उघडून बघत नाही, आणि उलट्या शीर्षकांचा तक्ता अजिबात नसलेल्या तक्त्यापेक्षा वाईट. बांधणी व्हायची होती, म्हणून तिसरा फर्मा पूर्ण पुन्हा छापायचं ठरलं. एका बाजूची प्लेट जुनीच चालली, दुसऱ्या बाजूची नवी करावी लागली, आणि दोन्ही बाजूंनी छापलेले हजारभर ताव रद्दीत गेले.

प्रेसवर पहिली प्रतिक्रिया अपेक्षित तीच होती: “पूर्ण मेसेज न वाचता मशीन लावतातच कसं?” हा प्रश्न रास्त आहे, पण त्यावर थांबलं तर पुढच्या वेळी पुन्हा तेच होईल. कारण त्या मुलाच्या दृष्टीने त्याने उत्तर वाचलं होतं. त्याने विचारलं होतं, “लावू का?” आणि स्क्रीनवर पहिला शब्द “हो” आला होता. पुढे “मांडणी आता म…” हे कौतुक असणार, हेही त्याने बरोबर ओळखलं. वाक्य अपुरं आहे हे तीन टिंबांवरून कळत होतं, पण आपल्याला हवं ते उत्तर आधीच मिळालं आहे असं वाटल्यावर टिंबांमागे काय आहे ते कोण बघतो?

आता मॅडमच्या बाजूने बघू. त्यांना आपल्या मेसेजखाली दोन राखाडी टिका दिसत होत्या. पोचला, पण वाचला नाही. लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशन वाचलं की ॲपला ते कळत नाही. गप्पांची खिडकी उघडल्याशिवाय टिका निळ्या होत नाहीत. म्हणून मॅडम निवांत होत्या: त्याने अजून बघितलंच नाही, तर मशीन लागलं कसं असेल? दोघांकडे एकाच वेळी चुकीची माहिती होती. एकाला वाटलं उत्तर मिळालं, दुसरीला वाटलं उत्तर अजून पोचायचंय. मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रिव्ह्यूवर वाचलेलं उत्तर पाठवणाऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नसतं, आणि वाचणारा त्यावर काम करून मोकळा झालेला असतो.

ती एक ओळ कुठून येते, हे जरा बघायला हवं. अँड्रॉइडवर मिटलेल्या अवस्थेतल्या नोटिफिकेशनमध्ये वर पाठवणाऱ्याचं नाव आणि खाली मजकुराची एक ओळ असते. ओळीत न मावणारं सगळं टिंबांमागे जातं. खाली ओढलं किंवा बाणावर टेकवलं की ते उलगडतं आणि आणखी ओळी दिसतात. आयफोनच्या लॉक स्क्रीनवर साधारणपणे एकापेक्षा जास्त ओळी दिसतात, पण तिथेही मोठं उत्तर पुरतं मावत नाही. शिवाय चेहऱ्याने उघडणाऱ्या आयफोनवर मूळ सेटिंग असं असतं की मालकाचा चेहरा ओळखल्याशिवाय मजकूर दाखवायचाच नाही. ॲपमधल्या गप्पांच्या यादीत पुन्हा एकच ओळ. म्हणजे उत्तर लिहिणाऱ्याने समोरच्याचा फोन कुठला, त्याची सेटिंग्ज काय, याचा अंदाज बांधत बसण्यात अर्थ नाही. सगळ्यात कमी जागा असलेली अवस्था धरून लिहायचं, म्हणजे मिटलेली एक ओळ.

त्या ओळीत किती अक्षरं मावतात, हा प्रश्न मॅडमनी लगेच विचारला. नेमका आकडा सांगता येत नाही. तो पडद्याच्या रुंदीवर आणि अक्षरांच्या आकारावर ठरतो, आणि अक्षरांचा आकार प्रत्येकाने आपल्या डोळ्यांप्रमाणे ठेवलेला असतो. देवनागरीत मोजायचंच ठरवलं तर आणखी घोळ होतो. ‘मुखपृष्ठ’ हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणतो. संगणकाच्या लेखी ती आठ चिन्हं आहेत, कारण उकार, ऋकार आणि हलन्त वेगळे मोजले जातात. उकार खाली जातो, त्याला रुंदी लागत नाही. ‘ष्ठ’ मात्र बहुतेक फॉन्टांत साध्या अक्षरापेक्षा जास्त जागा खातो. त्यामुळे लिहिण्याच्या चौकटीखाली चिन्हांची संख्या दिसली तरी ती इथे उपयोगाची नाही. काही यंत्रणा तर मजकूर फोनवर पोचण्याआधीच ठराविक चिन्हांवर कापतात, आणि कात्री जोडाक्षराच्या मधोमध पडली तर ओळीच्या शेवटी ‘मुखपृष्…’ असा लंगडा शब्द उरतो. असं काही दिसलं तर समजावं की कापणारा फोन नाही, पाठवणारी यंत्रणा आहे, आणि नोटिफिकेशन उलगडूनही पुढचा मजकूर मिळणार नाही.

आम्ही मोजण्याऐवजी करून बघितलं. तो मुलगा, मी आणि प्रेसचे मालक, असे तीन फोन टेबलावर लॉक करून ठेवले. मालकांच्या फोनवर अक्षरं सगळ्यात मोठी. मॅडम आपल्या फोनवरून तेच उत्तर वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाठवत होत्या आणि आम्ही फक्त पडद्यावर उजळलेली ओळ वाचून “लावायचं” किंवा “थांबायचं” एवढंच म्हणायचं.

पहिली दुरुस्ती कुणालाही सुचेल अशी होती: कौतुक काढून टाका, थेट मुद्द्यावर या. मॅडमनी लिहिलं, “पान ४७ वरच्या तक्त्याची शीर्षकं दुरुस्त झाल्याशिवाय तिसरा फर्मा लावू नकोस.” एकच वाक्य, फापटपसारा नाही. मुलाच्या फोनवर दिसलं:

“पान ४७ वरच्या तक्त्याची शीर्षकं दुरुस्त झाल्या…”

हे आधीच्यापेक्षा वाईट निघालं. आधी निदान विषय वेगळा होता. इथे ओळ वाचून असं वाटतं की शीर्षकं दुरुस्त झाली आहेत, म्हणजे आता अडचण उरलेली नाही. ‘शिवाय’ कापला गेला आणि वाक्याचा अर्थ उलटा झाला.

हे त्या एका वाक्याचं दुर्दैव नव्हतं. आपलं वाक्य असंच बांधलेलं असतं. कर्ता, कर्म, कारण, अट, वेळ, सगळं आधी येतं, आणि काय करायचं किंवा नाही करायचं ते क्रियापदात, अगदी शेवटी. नकार तर त्याच्याही मागे: लावू नकोस, चालणार नाही, पाठवलेलं नाही. कापायची कात्री नेहमी शेवटाकडूनच चालते. त्यामुळे लांब मराठी वाक्याचा प्रिव्ह्यू बहुतेक वेळा निर्णय गाळून उरलेलं सगळं दाखवतो. “मुद्द्याचं आधी लिहा” हा सल्ला एवढ्यासाठी अपुरा पडतो. मुद्द्याचं वाक्य आधी आणून उपयोग नाही, ते वाक्य संपलंही पाहिजे, आणि ओळ संपायच्या आत संपलं पाहिजे.

म्हणून पुढचा प्रयत्न छोट्या वाक्याचा झाला: “तिसरा फर्मा लावू नकोस. पान ४७ वरच्या तक्त्याची शीर्षकं उलटी झालीत.” मुलाच्या आणि माझ्या फोनवर पहिलं वाक्य पूर्ण दिसलं. मालकांच्या मोठ्या अक्षरांवर मात्र “तिसरा फर्मा लावू न…” इथेच ओळ संपली. त्या एका ‘न’वरून नकार ओळखता येतो म्हणा, पण अक्षर आणखी एक माप मोठं केलं तर तोही गेला आणि उरलं “तिसरा फर्मा लावू…”. मालक हसत म्हणाले, “मी तर लावला असता.”

मग मॅडमनी आज्ञा सगळ्यात पुढे आणली:

“थांब, तिसरा फर्मा लावू नकोस. पान ४७ वर…”

तिन्ही फोनवर तिघांचंही उत्तर एकच आलं. मालकांच्या फोनवर ओळ “थांब, तिसरा फर्मा ला…” इथे तुटली तरी अर्थ तुटला नाही. क्रियापदाला शेवटी बसायची सवय असली तरी एका शब्दाचं आज्ञार्थी वाक्य स्वतःच पूर्ण असतं: थांब, लाव, पाठव, नको. त्याला मागचं काही लागत नाही. त्यामागून पुन्हा ‘लावू नकोस’ लिहिणं ही पुनरुक्ती आहे, आणि ती राहू द्यावी असं माझं मत पडलं. मुद्रितशोधक म्हणून एरवी मी ती कापली असती.

‘थांब’नंतर ‘तिसरा फर्मा’ हवंच का, यावर थोडी चर्चा झाली. ॲपमध्ये उत्तर देताना मूळ प्रश्नावर बोट ठेवून उत्तर दिलं की वर त्या प्रश्नाची चौकट दिसते. पण ती खिडकीच्या आत. नोटिफिकेशनच्या ओळीत फक्त उत्तराचा मजकूर येतो, प्रश्न सोबत येत नाही. त्या सकाळी मुलाने मॅडमना आणखी दोन गोष्टी विचारलेल्या असत्या, समजा मुखपृष्ठाचं लॅमिनेशन आणि बांधणीची तारीख, तर नुसत्या “थांब”चा अर्थ लॅमिनेशन थांबव असाही झाला असता. ज्या गोष्टीबद्दल उत्तर आहे तिचं नाव ओळीत असल्याशिवाय ती ओळ एकटी उभी राहत नाही.

चौथा प्रयोग मॅडमनी स्वतःहून केला आणि तो माझ्या अंदाजाबाहेर फसला. त्यांचं म्हणणं, एवढा विचार करण्यापेक्षा “थांब, तिसरा फर्मा लावू नकोस” हा एक मेसेज वेगळा टाकावा आणि कारण दुसऱ्या मेसेजात लिहावं. ऐकायला पटतं. त्यांनी तसे दोन मेसेज लागोपाठ टाकले. मिटलेल्या नोटिफिकेशनमध्ये आणि गप्पांच्या यादीत शेवटचा मेसेज दिसतो. त्यामुळे ‘थांब’ दोन सेकंद चमकला आणि त्याच्या जागी आलं “तक्त्यातली दोन शीर्षकं एकमेकांच्या…”. फोन त्या दोन सेकंदांत हातात असेल तर ठीक, नाहीतर नाही. म्हणजे निर्णय आणि कारण एकाच मेसेजात हवं. आणि तुकड्यांतच बोलायची सवय असेल तर निर्णय शेवटच्या तुकड्यात पुन्हा यायला हवा. याच कारणाने, नकार कळवल्यावर मागून “बाकी छान झालंय!” असा एक गोड मेसेज टाकणं धोक्याचं. चांगल्या मनाने टाकलेला तो मेसेज नकारावर पडदा टाकतो.

एक बारीक गोष्ट ओळ मोडण्याची. ‘थांब’ लिहून खाली नव्या ओळीवर जाण्याने काही ॲपमध्ये दोन्ही ओळी एका ओळीत जोडून दिसतात, काहींत फक्त पहिली दिसते. दोन्ही परिस्थितींत चालेल असं करायचं तर पहिल्या वाक्याला पूर्णविराम द्यावा. नाहीतर जोडून दिसताना “थांब पान ४७ वरची” असं काहीतरी विचित्र वाचलं जातं.

होकाराचं काय? मूळ घोटाळा “हो”ने झाला होता, म्हणून मुलाने सुचवलं की “हो”वर बंदीच घालू. एवढी गरज नाही, पण “हो” कशाला म्हटलंय ते ओळीत दिसायला हवं. त्याच्या मेसेजात दोन प्रश्न होते: लावू का, आणि पीडीएफ बघितली का. बोलताना आपण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, मॅडमनीही तेच केलं. “हो” दुसऱ्या प्रश्नाला होता, तो पहिल्याला लागला. होकार द्यायचा तर प्रश्नातलं क्रियापदच उचलावं: “लाव. तिसरा फर्मा ठीक आहे, समासही छान आलेत.” इथे कौतुक पुढे कितीही लांबलं तरी बिघडत नाही.

आणि अट असलेला होकार हा या क्षणी नकार असतो. “लाव, पण शीर्षकं दुरुस्त करून” हे वाक्य मनात सरळ वाटतं, कारण लिहिणारीला दोन्ही भाग एकदम दिसतात. टेबलावरच्या फोनला फक्त “लाव” दिसतं. मशीन, पैसे, प्रवास, औषध, काहीही एकदा सुरू झालं की मागे घेता येत नसेल, तर अटीचं उत्तर ‘थांब’ने सुरू व्हावं आणि अट नंतर यावी. उलट, चूक झाली तरी दहा मिनिटांत दुरुस्त होईल अशा कामात एवढी काटेकोर भाषा रुक्ष वाटते, आणि ती तिथे वापरू नये असं मला वाटतं. प्रत्येक उत्तर तार पाठवल्यासारखं लिहू लागलो तर माणसं लवकरच दुखावतील.

दुखावण्याचा मुद्दा मॅडमना खरोखर टोचत होता. “मी त्याला ‘थांब’ म्हणेन, तो लहान आहे. पण लेखक पंच्याहत्तरीचे. त्यांना पत्राची सुरुवात ‘थांबा’ने करू?” आजवर त्यांची सगळी उत्तरं “सस्नेह नमस्कार. आपला मेसेज मिळाला.” अशी सुरू व्हायची, आणि तेवढ्यात ओळ संपायची. लेखकांच्या फोनवर मॅडमचे मेसेज ओळीने सारखेच दिसत असणार. गप्पांच्या यादीतून कुठलं उत्तर तातडीचं, कुठलं नाही, हे कळायला मार्गच नव्हता.

यावर तोडगा मराठीतच तयार आहे. आदर नमस्कारात असतो तसा क्रियापदाच्या रूपातही असतो. “सर, प्रूफ अजून परत पाठवू नका. एक प्रकरण राहिलंय.” यात ‘सर’ आहे, ‘नका’ आहे, आणि कुणाला उर्मट वाटेल असं काही नाही. संबोधनाचा एक शब्द पुढे राहू दे. गटात तर त्याने हा मेसेज नेमका कुणासाठी आहे हेही कळतं, जरी तिथे पाठवणाऱ्याचं नाव आधीच ओळीतली जागा खात असलं तरी. नमस्कार, चौकशी, आभार दुसऱ्या वाक्यापासून सुखाने यावेत. मॅडमनी तसं लिहिलेलं पहिलं उत्तर लेखकांना गेलं, तेव्हा त्यांनी नापसंती दाखवली नाही. उलट फोन करून विचारलं, “कुठलं प्रकरण?” म्हणजे ओळ त्यांनी वाचली होती.

ईमेलमध्ये दुखणं तेच, जागा थोडी वेगळी. तिथे विषयाची ओळ वेगळी असते, आणि यादीत तिच्याखाली किंवा शेजारी मजकुराची सुरुवात दिसते. पण उत्तराला विषय जुनाच चिकटतो. “Re: तिसरा फर्मा” असे सात मेल एकाखाली एक दिसले तर त्यांतला नकाराचा कुठला? शिवाय मजकुराच्या डोक्यावर यंत्रणेने घातलेलं काही असेल तर प्रिव्ह्यू तेच उचलतो. बाहेरून आलेल्या मेलवर काही संस्था “हा मेल संस्थेबाहेरून आला आहे” अशी पट्टी लावतात. तक्रारनोंदीच्या काही यंत्रणा “या ओळीच्या वर उत्तर लिहा” असं छापतात. ती ओळ तुमच्या पहिल्या शब्दांच्या आधी येते आणि सगळी जागा घेते. तिथे पहिलं वाक्य कितीही घासून लिहिलं तरी दिसणार नाही. उत्तर देताना विषयाची ओळ बदलणं हाच उपाय उरतो: “तिसरा फर्मा थांबवावा – पान ४७”. काही मेल ॲपमध्ये विषय बदलला की उत्तर जुन्या साखळीतून सुटून वेगळं दिसतं. या बाबतीत ते सोयीचंच.

प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूनेही थोडं करता येतं, आणि ते आम्ही लगेच सुरू केलं. एका मेसेजात एकच प्रश्न. आणि प्रश्न असा की नुसत्या “हो”ने त्याचं उत्तर होऊ नये: “तिसरा फर्मा लावू, की थांबू?” आता मॅडमना ‘लाव’ किंवा ‘थांब’ लिहावंच लागतं.

खरं तर छपाईत या सगळ्यासाठी फार जुनी सोय आहे. शेवटच्या प्रूफावर संपादक “छापण्यास हरकत नाही” लिहून सही-तारीख करतो, आणि ती सही बघितल्याशिवाय मशीनवाला प्लेट लावत नाही. त्या दिवशी ती पायरी गळली होती. पीडीएफ फोनवर गेली, सहीची जागा मेसेजने घेतली, आणि मेसेजची एक ओळ सहीसारखी वाचली गेली. प्रेसच्या मालकांनी आता नियम केलाय की फोनवरून होकार आला तर मशीनवाले काका तो स्वतः ॲप उघडून, खालपर्यंत सरकवून वाचतात. त्याचा एक फायदा असा की टिका निळ्या होतात आणि मॅडमना कळतं. मशीन चालू असताना थांबवायचं असेल तर मात्र मेसेज करायचाच नाही, फोन लावायचा. मशीनच्या आवाजात नोटिफिकेशनची टिंगटिंग ऐकू येत नाही.

एका ठिकाणी मॅडमनी ही रीत जाणूनबुजून मोडली आहे, आणि मला ते पटतं. कुणाचं हस्तलिखित परत करायचं असेल तर निर्णय पहिल्या ओळीत येऊ देत नाहीत. फोन टेबलावर पडलेला असतो, शेजारी घरची माणसं असतात, मित्र असतात; नकार त्यांच्यासमोर उजळू नये. तिथे वेळेची घाईही नसते, आणि अर्धवट वाचून कुणी मशीन लावणार नसतं. अशा उत्तराची पहिली ओळ त्या अशी लिहितात: “आपल्या हस्तलिखिताबद्दल लिहिते आहे.” विषय कळतो, निकाल कळत नाही. “मनापासून आवडलं” हे शब्द मात्र त्या ओळीत कधीच नसतात, कारण तेवढंच वाचून कुणी घरी पेढे आणू नयेत.